डाळिंबाची रोपं तेल्यासकट घरी आली: रोपवाटिकेच्या मालकाला मी लिहिलेलं पत्र

सांगोला तालुक्यात माझी सहा वर्षांची 180 झाडांची डाळिंब बाग आहे. तिच्या शेजारच्या मोकळ्या एकरात भगवा जातीचं डाळिंब लावायचं म्हणून गेल्या सप्टेंबरात मी बाहेरच्या तालुक्यातून 310 गुटी कलमं मागवली. चौदा बाय दहा फुटांवर एकराला एवढीच रोपं लागतात. नगाला 35 रुपये, म्हणजे 10,850, आणि टेम्पोचं भाडं 3,000. फोनवर मालकानं तीन वेळा सांगितलं, "पाहुणं, माल एकदम तेल्यामुक्त." मी त्या शब्दावर विश्वास ठेवला आणि सगळे पैसे आधीच पाठवले. तेल्या म्हणजे डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा जिवाणूंचा रोग. तो किती बागा खातो हे आमच्याकडे शाळेतलं पोरगंही सांगेल. तरीही मी एक प्रश्न विचारला नाही. तो कोणता ते पुढे येईलच.

टेम्पो 12 तारखेला रात्री साडेनऊला आला. पाऊस भुरभुरत होता. ड्रायव्हरला परतायची घाई होती, म्हणून बॅटरीच्या उजेडात रोपं उतरवून जुन्या बागेच्या बांधावर लिंबाखाली मांडून ठेवली. पावती साध्या कागदावर होती: "रोपे 310 नग, रोख मिळाले." तिच्यावर जातीचं नाव, परवाना क्रमांक, कलमं कोणत्या बागेतली, काहीच नव्हतं. नशिबानं माझ्या मुलानं माल उतरवताना टेम्पोचा फोटो काढला होता, त्यात नंबरप्लेट आणि वरच्या थरातली रोपं दिसत होती.

सकाळी लागवड सुरू केली. 42 रोपं लागली तेव्हा रोपं आणून देणाऱ्या माझ्या पत्नीनं एक पान तोडून सूर्यासमोर धरलं आणि हाक मारली. पानावर तीन-चार ठिपके होते. नुसते पाहिले तर तपकिरी, पण उजेडासमोर धरले की कडा तेल सांडलेल्या कागदासारख्या दिसत होत्या. काही ठिपक्यांभोवती पिवळी कड होती. दुसऱ्या रोपावर पेऱ्यापाशी फांदीला काळपट डाग होता आणि तिथं साल उभी चिरलेली होती. मी जरा वाकवली तर फांदी तिथूनच तुटली. लागवड तिथंच थांबवली.

फोन केला तेव्हा मालक म्हणाला, "औषधाचा चट्टा असेल, आदल्या दिवशी फवारणी झाली होती." मग म्हणाला, प्रवासात पानं घासली असतील. मी पेऱ्यावरच्या डागाचं सांगितल्यावर म्हणाला, "तुमच्या जुन्या बागेतून आला असेल, दादा. एक टक्का बोर्डो मारा, साफ होईल." दहा मिनिटांत तीन कारणं, आणि एकही दुसऱ्याशी जुळत नाही. फोनवर भांडून काही होणार नाही हे तेव्हाच कळलं. म्हणून रोपं एका बाजूला करून ताडपत्री झाकली, फोटो काढले, नमुना तपासून आणला आणि मगच पत्र लिहिलं.

फोटोंचा एक धडा इथंच सांगतो. पहिले अकरा फोटो मी रागाच्या भरात काढले होते, त्यात नुसती हिरवी पानं दिसत होती. नंतर सावलीत उभं राहून पान सूर्याकडे धरलं, मोबाईल पानापासून वीतभर अंतरावर ठेवला, तेव्हा तेलकट कड आली. प्रत्येक जवळच्या फोटोआधी त्याच रोपाचा पिशवीसकट पूर्ण फोटो काढला, म्हणजे हे पान कुठल्या रोपाचं हे कुणी विचारू नये. लावलेल्या 42 रोपांचे फोटो मी पुराव्यात धरलेच नाहीत. ती माझ्या मातीत गेली होती, त्यांच्यावर वाद घालायला मालकाला जागा मिळाली असती. लावायच्या आधी पाहिलं असतं तर ती वेळ आली नसती.

फोटो म्हणजे शंका, पुरावा नव्हे, हेही तितकंच खरं. बुरशीचे ठिपकेही तपकिरी असतात, फवारणीनं पान जळलं तरी डाग पडतो. म्हणून 15 तारखेला कृषी विज्ञान केंद्रात नमुना नेला. ताजी, डाग नुकते वाढत असलेली पानं कागदात गुंडाळून नेली. ओल्या प्लास्टिकमध्ये बांधली असती तर वाटेत सडली असती. तिथल्या रोगशास्त्राच्या ताईंनी डागाची कड आणि शेजारचा हिरवा भाग एकत्र राहील असा बारीक तुकडा कापला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. कापलेल्या कडेतून धुरासारखा पांढुरका लोट पाण्यात पसरत होता. त्या म्हणाल्या, "हे जिवाणू. औषधाच्या चट्ट्यातून असं काही येत नाही." त्यांनी तसं लेखी दिलं.

17 तारखेला पोचपावतीच्या टपालानं पत्र पाठवलं आणि तेच फोटोंसह व्हॉट्सॲपवर टाकलं. मालकाचं नाव वगळून ते इथं देतो.

"सप्रेम नमस्कार. आपल्या रोपवाटिकेतून 12 सप्टेंबरला रात्री मला भगव्याची 310 गुटी कलमं मिळाली. 10,850 रुपये आपल्याला आधीच पोचले आहेत, त्याची नोंद सोबत जोडली आहे. 13 तारखेला सकाळी रोपांवर तेल्याची लक्षणं दिसली. न लावलेल्या 268 रोपांपैकी एकूणएक रोप मी हातात घेऊन पाहिलं. 97 रोपांच्या पानांवर डाग आहेत आणि त्यांतल्या 31 रोपांच्या खोडावर किंवा फांदीच्या पेऱ्यावरही आहेत.

फोटो क्र. 1 मध्ये माल उतरवतानाचा टेम्पो आहे. फोटो क्र. 2 व 3 एकाच रोपाचे आहेत: आधी पिशवीसकट पूर्ण रोप, मग त्याचं पान उजेडासमोर. फोटो क्र. 4 मध्ये पेऱ्यावरचा काळा डाग आणि चिरलेली साल आहे. फोटो क्र. 5 मध्ये त्याच जागी तुटलेली फांदी आहे.

डाग माझ्या शेतात आले असं आपलं म्हणणं आहे. रोपं माझ्याकडे येऊन एक रात्र झाली होती. पानावर ठिपका उठायलाही जंतू शिरल्यावर काही दिवस जातात, आणि पेऱ्यावर साल चिरेपर्यंतचा डाग तर एका रात्रीत होतच नाही. तो रोग रोपांसोबत आला आहे. कृषी विज्ञान केंद्राचा लेखी अभिप्राय सोबत आहे.

बोर्डोची फवारणी पानावरच्या जंतूंना आवरते, पण पेऱ्यात मुरलेला रोग त्यानं निघत नाही. म्हणून ही रोपं जगवून लावणं मला मान्य नाही. बदली रोपंही त्याच मातृवृक्षांवरची असतील तर नकोत. रोपांचे 10,850 आणि वाहतुकीचे 3,000 असे 13,850 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. रोपं मी जाळण्याआधी आपण किंवा आपला माणूस 24 तारखेपर्यंत येऊन पाहू शकता. कलमं कोणत्या बागेतली आहेत आणि आपला परवाना क्रमांक काय, हेही लेखी कळवावं. या पत्राची प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना देत आहे. आपला, (सही)."

मातृवृक्षाचा तो प्रश्नच मी आधी विचारायला हवा होता. गुटी म्हणजे उभ्या झाडाच्या फांदीची साल बोटभर रुंदीच्या कड्यासारखी काढून, तिथं ओलं शेवाळ बांधून फुटवलेली मुळं. फांदी त्याच झाडाची, म्हणून झाडाला तेल्या असेल तर तो कलमासोबत येतो. त्यातही आपल्याकडे गुट्या बांधतात पावसाळ्यात, कारण तेव्हा मुळं लवकर सुटतात, आणि तेल्याही त्याच दमट हवेत, पावसाच्या शिंतोड्यांवर पसरतो. उन्हाळ्यात निरोगी दिसणारी बाग ऑगस्टमध्ये तशीच असेल असं नाही. "तेल्यामुक्त" म्हणणाऱ्याला एवढंच विचारायचं: गुटी बांधली त्या महिन्यातली ती बाग मला दाखवता का? मी आलो तर झाडाखाली उभं राहू देता का?

फळझाडांची कलमं विकायला राज्यात 1969 च्या कायद्यानं परवाना लागतो. हे मला पत्र लिहिताना कळलं. पैसे देण्याआधी परवान्याचा फोटो मागितला असता तर बहुधा तिथंच उत्तर मिळालं असतं.

अकरा दिवस मालक गप्प राहिला. पाहायला कुणी आलं नाही. 29 तारखेला कृषी कार्यालयातून दोघे आले, रोपं मोजली, पंचनामा केला. त्याच संध्याकाळी फोन आला, आवाज मवाळ होता. आधी शंभर रोपं बदलून देतो म्हणाला, मग 7,000 रुपये पाठवले, आणि चार दिवसांनी एक कागद धाडला: "माझी कोणतीही तक्रार नाही" यावर सही केली तर उरलेले पैसे देणार. मी सही केली नाही. 6,850 रुपयांसाठी मी ती केली असती, तर त्याच बागेतल्या गुट्या पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या कुणाच्या दारात उतरल्या असत्या. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तो करता येतो, रोपवाटिकेच्या गावी जावं लागत नाही. निकाल अजून नाही.

पंचनाम्यानंतर 310 रोपं आम्ही शेताच्या टोकाला, बागेपासून लांब जाळली. लावलेली 42 मातीसकट उपटली. ज्या कात्रीनं फांद्या कापल्या ती निर्जंतुक केली, कारण कात्रीवरूनही रोग झाडोझाडी जातो. लिंबाखालची पडलेली पानं वेचून जाळायला एक सबंध दिवस गेला. पत्नी आणि मी गुडघ्यांवर बसून वेचत होतो.

खड्डे तसेच आहेत. जुन्या बागेत अजून डाग दिसलेला नाही, पण ती रोपं पावसात रात्रभर तिच्या बांधावर उभी होती. म्हणून रोज सकाळी ऊन वर आलं की मी बांधाकडच्या दोन ओळींतून जातो, प्रत्येक झाडाचं एक पान तोडतो आणि सूर्यासमोर धरून पाहतो.