परवानगीच्या अर्जापासून सात महिने : प्रयोगशाळेत इमेजमॅजिक वापरताना

सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्राची प्रयोगशाळा सहायक आहे. जूनमध्ये आमच्या संगणकावर इमेजमॅजिक ही एकाच आज्ञेत अनेक फोटो लहान करणारी प्रणाली बसवून घेतली, त्याला आता सात महिने झाले. शाळेच्या संगणकावर काहीही टाकायचं तर आयटी विभागप्रमुखांची लेखी परवानगी लागते, म्हणून अनुभव अर्जापासून सांगते. त्या अर्जावर सरांनी घातलेल्या एका अटीने पुढे आमचं एक आख्खं प्रॅक्टिकल वाचवलं.

काम असं असतं. अकरावीची मुलं कांद्याच्या पापुद्र्याची तात्पुरती स्लाइड करतात, सॅफ्रानिनने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर क्लॅम्पने बसवलेल्या प्रयोगशाळेच्या फोनने फोटो काढतात. एका बॅचचे साधारण 36 फोटो होतात. प्रत्येक फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा, चार एमबीच्या आसपास. जर्नल जिथे अपलोड करायचं तिथे एका फोटोला 500 केबीची मर्यादा. पूर्वी मी एकेक फोटो उघडून लहान करून सेव्ह करायचे, त्यात शनिवारची दुपार जायची.

माझा पहिला अर्ज दोन ओळींचा होता : फोटो लहान करण्याचे सॉफ्टवेअर टाकण्यास परवानगी मिळावी. तो तसाच परत आला. वर पेन्सिलीने लिहिलेलं, "कोणते? कोठून? कोणत्या संगणकावर?" प्रश्न रास्त होते. आमच्या शाळेत दीडशेच्या वर संगणक आहेत आणि त्यांतल्या कशालाही काही झालं तर सरांनाच जाब द्यावा लागतो. मग मी दुसरा अर्ज नीट बसून लिहिला. त्यातला मुख्य भाग असा :

"विषय : जीवशास्त्र प्रयोगशाळेतील एका संगणकावर इमेजमॅजिक बसविण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, प्रात्यक्षिकाचे फोटो एकत्रित लहान करण्यासाठी वरील प्रणाली आवश्यक आहे. ती मुक्तस्रोत असून संस्थेस शुल्क पडत नाही. ती imagemagick.org या मूळ संकेतस्थळावरूनच घेतली जाईल. वापर फक्त खिडकीजवळच्या एका संगणकावर व फक्त प्रयोगशाळेच्या फोनमधील जेपीजी फोटोंसाठी होईल. फोटो कोणत्याही बाहेरच्या संकेतस्थळावर चढविले जाणार नाहीत; सर्व काम संगणकावरच होते. बसविताना जुन्या आज्ञांचा पर्याय निवडला जाणार नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं होतं. इमेजमॅजिकची जुनी आज्ञा `convert` होती आणि जुन्या माहितीत अजून तीच सापडते. पण विंडोजची स्वतःचीही `convert` नावाची आज्ञा आहे, डिस्कची फाइल पद्धत बदलणारी. दोन्हींची गल्लत नको. सातव्या आवृत्तीपासून सगळं `magick` या एकाच नावाने चालतं, त्यामुळे जुन्या आज्ञांची गरजच नाही.

सरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. "ताई, 2016 सालची भानगड माहितीये का तुम्हाला?" मला माहीत नव्हती. तेव्हा इमेजमॅजिकमध्ये अशी त्रुटी सापडली होती की मुद्दाम तयार केलेली चित्राची फाइल उघडली तर तिच्या आडून संगणकावर आज्ञा चालवता यायची. ती केव्हाच दुरुस्त झाली. पण सरांचा मुद्दा पुढचा होता : ही प्रणाली फाइलच्या नावावर न जाता आतला मजकूर पाहून प्रकार ठरवते, म्हणजे `.jpg` नावाखाली दुसरंच काही आलं तर ती ते उघडायला जाईल. म्हणून त्यांनी `policy.xml` या फाइलमध्ये पीडीएफ, पोस्टस्क्रिप्ट असे आम्हाला न लागणारे प्रकार बंद केले.

आणि मग विचारलं, "मूळ फोटो कुठे राहणार?" अर्जात त्याचा उल्लेखच नव्हता. सरांनी मंजुरीच्या खाली स्वतः लिहिलं : फोटो प्रथम सर्व्हरवरील मूळ फोल्डरमध्ये ठेवावेत, प्रणाली फक्त प्रतीवर चालवावी.

बसवायला दहा मिनिटं लागली. मग मी एक छोटी बॅच फाइल केली, म्हणजे दोनदा क्लिक केलं की आत लिहिलेल्या आज्ञा ओळीने चालतात अशी फाइल. आज ती अशी आहे :

```
cd /d D:\Jeev\aaj
mkdir lahan
magick mogrify -path lahan -auto-orient -resize 40%% -quality 85 -strip *.jpg
```

अर्ध्या मिनिटात 36 फोटो 1600 बाय 1200 चे होतात, प्रत्येकी तीन-साडेतीनशे केबी. `-auto-orient` आधी हवंच. फोन आडवा होता की उभा ही नोंद फोटोच्या आत असते आणि `-strip` ती पुसून टाकतं. आधी फोटो खरोखर फिरवून घेतला नाही तर अर्धे फोटो आडवे पडतात. `-strip` मात्र मला हवंच आहे, कारण फोन चालू असलेल्या जागेची नोंदही त्याबरोबर जाते. मुलांच्या कामासोबत ती बाहेर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता ऑगस्टची गोष्ट. त्या दिवशी मुलांनी पेशीची लांबी मोजायची होती. त्यासाठी आधी स्टेज मायक्रोमीटरचा फोटो घेतात. ही काचेवर कोरलेली 1 मिलिमीटरची पट्टी, 100 भाग केलेली, म्हणजे एक भाग 10 मायक्रोमीटर. आमच्या फोटोत असे दहा भाग, म्हणजे 100 मायक्रोमीटर, 400 पिक्सेलमध्ये बसले. बाईंनी फळ्यावर लिहिलं : 1 मायक्रोमीटर = 4 पिक्सेल. मूळ फोटोत 1000 पिक्सेल भरणारी पेशी 250 मायक्रोमीटरची. हिशेब सरळ आहे.

फोटो त्या दिवशी वेगळ्या फोल्डरमध्ये होते, म्हणून मी बॅच फाइल न चालवता आज्ञा हाताने टाइप केली आणि `-path lahan` राहून गेलं. `mogrify` या आज्ञेचा स्वभावच असा की जागा सांगितली नाही तर ती त्याच फाइलवर लिहिते. ती विचारत नाही, इशाराही देत नाही. मुलांनी जे फोटो उघडले ते आधीच लहान झालेले होते. तीच पेशी आता 400 पिक्सेलची, 4 ने भागलं की 100 मायक्रोमीटर. सगळ्या बॅचची उत्तरं शंभराच्या आसपास आली. एकमेकांशी जुळणारी होती, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. बाईंना आली, कारण आदल्या दिवशीच्या बॅचची उत्तरं अडीचशेच्या घरात होती आणि कांदे एकाच पिशवीतले होते.

मी ही आज्ञा चालवली :

```
magick identify *.jpg
```

प्रत्येक ओळीत `1600x1200` दिसलं आणि काय झालं ते कळलं. फोनचं कार्ड मी सकाळीच रिकामं केलं होतं. सर्व्हरवरच्या मूळ फोल्डरची अट नसती तर त्या मुलांच्या स्लाइड पुन्हा करायला लागल्या असत्या, आणि दोन तासांत सुकलेला पापुद्रा पुन्हा तसा दिसत नाही. सर्व्हरवरून फोटो आणले, मुलांनी त्याच दिवशी मोजमाप पुन्हा केलं. मी ही चूक सरांना लेखी कळवली.

त्यानंतर आम्ही मायक्रोमीटरचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये ठेवू लागलो. तो बाकीच्यांबरोबर लहान होतो, आणि पट्टीही लहान फोटोवरच वाचायची : 100 मायक्रोमीटरला 160 पिक्सेल. पेशी 400 पिक्सेल म्हणजे पुन्हा 250. पण यातही एक खोच निघाली. तेव्हा मी आकार `"1600x1600>"` असा देत होते, म्हणजे लांब बाजू 1600 पेक्षा मोठी असेल तरच ती 1600 करायची. एका मुलीने नको असलेला कडेचा भाग कापून 2000 पिक्सेलचा फोटो दिला. तो 80 टक्के राहिला, मायक्रोमीटर मात्र 40 टक्क्यांवर आला, आणि तिची पेशी दुप्पट लांब निघाली. म्हणून आता सगळ्यांना एकच टक्केवारी. फोटो कापला असला तरी प्रमाण मोडत नाही.

टक्केवारीचीही एक गंमत नीट सांगायला हवी, कारण तिथे हमखास अडखळायला होतं. आज्ञा हाताने टाइप करताना `40%` चालतं. बॅच फाइलमध्ये मात्र एकटं टक्क्याचं चिन्ह विंडोज गिळून टाकतं, उरतं `40`, आणि त्याचा अर्थ रुंदी 40 पिक्सेल. पहिल्या वेळी पोस्टाच्या तिकिटापेक्षा बारीक चित्रं आली, दोन-तीन केबींची. म्हणून वर दोन चिन्हं आहेत.

मर्यादाही सांगते. मुलं स्वतःच्या फोनवरचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात तेव्हा ते वाटेतच लहान होऊन येतात आणि त्यांचं प्रमाण आमच्या हातात राहत नाही. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर मूळ आकारात येतात. मोजमापाला मात्र आम्ही प्रयोगशाळेचा फोन आणि ठरलेली झूमच वापरतो. शेवट `.jpeg` किंवा `.heic` असलेल्या फाइली `*.jpg` मध्ये धरल्याच जात नाहीत आणि त्याबद्दल काही संदेशही येत नाही, म्हणून दोन्ही फोल्डरमधल्या फाइली मोजून घेते. काही फोनच्या फोटोंत `-strip` नंतर सॅफ्रानिनचा लाल थोडा फिका दिसतो, कारण रंगांची माहितीही निघून जाते. जर्नलला ते चालतं, रंगावरून काही ठरवायचं असेल तर मूळ फोटो पाहायचा.

आज्ञा टाइप करायची ज्यांना धास्ती वाटते त्यांच्यासाठी इरफानव्ह्यू आहे. शाळांना तेही मोफत आहे, आणि B दाबलं की एकत्रित कामाची खिडकी उघडते. सरांनी मला तेही सुचवलं होतं. मी बॅच फाइल निवडली, कारण माझ्या गैरहजेरीत शिपाईदादांनाही ती दोनदा क्लिक करून चालवता येते आणि सेटिंग चुकून बदलत नाही.

गेल्या आठवड्यात रसायनशास्त्राच्या सहायकांनी त्यांच्या संगणकासाठी माझा अर्ज नमुना म्हणून मागितला. मी तो जसाच्या तसा दिला नाही. मूळ फोटोंची ओळ पहिल्या परिच्छेदात घेतली, `policy.xml` चा उल्लेख घातला आणि ऑगस्टच्या चुकीची तारीखही लिहिली. सरांनी अर्ज त्याच दिवशी मंजूर केला, फक्त सर्व्हरवरच्या त्यांच्या फोल्डरचं नाव हाताने भरलं.