५५५ आणि ऑप-अँपचं फंक्शन जनरेटर किट: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि मुख्यतः त्यातल्या एका कपॅसिटरबद्दल

किट सगळ्यांना माहीत असलेलंच आहे: ५५५ टायमर स्क्वेअर वेव्ह बनवतो, पुढचा ऑप-अँप इंटिग्रेटर तिची ट्रँगल करतो, रेंज बदलायला स्विच आणि फ्रिक्वेन्सी फिरवायला पॉट. जोडलं त्या दिवसापासून चालू आहे, एकदाही बंद पडलेलं नाही. तरी माझी तक्रार आहे, कारण डायलवर १ किलोहर्ट्झ लिहिलंय तिथे मल्टिमीटर ८४२ हर्ट्झ दाखवत होता. विक्रेत्याला कळवलं तर "शिकण्यासाठीचं किट आहे, एवढा फरक चालतो" असं उत्तर आलं. पंधरा-सोळा टक्के फरक चालतो? ज्या यंत्राने दुसरी सर्किटं तपासायची, त्यात तर नाहीच चालत.

आधी खोटं कोण बोलतंय ते ठरवायला हवं होतं, मीटर की जनरेटर. त्यासाठी महागडा काउंटर लागत नाही. घड्याळातला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल ४०६० या चिपला जोडला, की तिच्या ७ नंबरच्या पिनवर ती फ्रिक्वेन्सी १६ ने भागून मिळते, म्हणजे बरोबर २०४८ हर्ट्झ. असे क्रिस्टल दहा लाखांत साधारण वीस भाग इतकेच चुकतात, म्हणजे इथे हर्ट्झच्या विसाव्या हिश्श्याहून कमी. माझ्या मीटरने २०४८ दाखवलं. मीटर सुटला.

मग हिशेब. अंदाजाने डायल वाचण्यापेक्षा प्रत्यक्ष रेझिस्टन्स मोजलेला बरा. पॉट ८४२ वर होता तसाच ठेवला, वीज बंद केली आणि ५५५ सॉकेटमधून काढला. सॉकेटच्या ८ आणि ७ मध्ये RA मोजला तर १ किलोओहम, ७ आणि ६ मध्ये RB ६.८ किलोओहम. चिप काढूनच मोजा, नाहीतर तिच्या आतल्या वाटांमुळे आकडा बिघडतो. कपॅसिटरवर १०४ छापलंय, म्हणजे १०० नॅनोफॅरड. सूत्र नेहमीचंच:

```
f = 1.44 / ((RA + 2*RB) * C)
```

हे येतं ९८६ हर्ट्झ. डायलशी हा आकडा ठीक जुळतो, म्हणजे डायल छापणाऱ्याने हिशेब बरोबर केला होता. रेझिस्टर मोजलेले होते, मीटर तपासलेला होता. उलटा हिशेब केला, तर ८४२ यायला कपॅसिटर ११७ नॅनोफॅरडचा असायला हवा.

माझा पहिला संशय चिपवर होता, कारण स्वस्त ५५५ बद्दल खूप बोललं जातं. दुसऱ्या कंपनीची चिप टाकून पाहिली. फरक एका टक्क्याच्याही आत. सप्लाय बदलला तरी फ्रिक्वेन्सी जवळपास तिथेच, कारण कपॅसिटर सप्लायच्या एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश या पातळ्यांमध्ये वर-खाली होतो आणि त्या पातळ्या सप्लायबरोबरच सरकतात. तेव्हापासून ५५५ बद्दल माझं मत खूपच चांगलं झालं आहे.

मग भिंग घेऊन त्या चपट्या, गोल, तपकिरी कपॅसिटरकडे नीट पाहिलं. १०४ च्या पुढे बारीक अक्षरात झेड. सगळी गोष्ट त्या एका अक्षरात होती. जे म्हणजे पाच टक्के, के म्हणजे दहा, एम म्हणजे वीस, आणि झेड म्हणजे वीस टक्के कमी ते ऐंशी टक्के जास्त, यांतलं काहीही. म्हणजे ११७ नॅनोफॅरड भरला तरी कपॅसिटर बनवणाऱ्याने शब्द पाळला आहे. असा कपॅसिटर सप्लायच्या पिनांवर गोंगाट गिळायला छान असतो, तिथे नेमका आकडा कुणाला हवा असतो? वेळ मोजायच्या जागी त्याला बसवणं ही मात्र किट बनवणाऱ्याची निव्वळ कंजुषी आहे, आणि याच गोष्टीचा मला राग आहे.

आकडा चुकीचा पण स्थिर असता, तर पॉट थोडा फिरवून भागलं असतं. तो स्थिरही नव्हता. सुरू केल्यावर ८४२, डबा बंद करून अर्ध्या तासाने पाहिलं तर ८७० च्या आसपास. खात्री करायची सोपी रीत आहे. मीटर चालू ठेवून तो कपॅसिटर दोन बोटांच्या चिमटीत धरा. आकडा डोळ्यांदेखत वर सरकू लागतो आणि सोडल्यावर सावकाश खाली येतो. या जातीच्या सिरॅमिकची धारणक्षमता गरम झाल्यावर घटते, म्हणून फ्रिक्वेन्सी वाढते. सर्किट ९ व्होल्टचं असल्यामुळे हात लावायला धोका नाही, आणि बोटांची स्वतःची धारणक्षमता १०० नॅनोफॅरडसमोर नगण्य असते.

उपाय म्हणून त्या जागी पॉलिएस्टर फिल्मचा १०४ जे बसवला. पीसीबीवरची भोकं जवळ आहेत, त्यामुळे पाय जरा वाकवावे लागतात. पॉट न हलवता मीटरने १००७ दाखवलं, म्हणजे हा कपॅसिटर ९८ नॅनोफॅरडचा. गरम झाल्यावर चार-पाच हर्ट्झ खाली उतरतो, कारण पॉलिएस्टरची क्षमता तापमानाबरोबर थोडी वाढते. याहून स्थिर हवं असेल तर पॉलिप्रॉपिलीन घ्या, मात्र तो आकाराने मोठा असतो. मला पॉलिएस्टर पुरेसा आहे.

आता ट्रँगलबद्दल, कारण इथे मला अनपेक्षित आनंद झाला. अनेक स्वस्त सर्किटांत टायमिंगच्या कपॅसिटरवरचाच व्होल्टेज ऑप-अँपमधून बाहेर काढतात आणि त्याला ट्रँगल म्हणतात. तो वाकडा असतो. चढताना शेवटी त्याचा उतार सुरुवातीच्या निम्मा होतो. इथे खरा इंटिग्रेटर आहे आणि स्कोपवर बाजू सरळ दिसतात. दोन उणिवा आहेत. स्क्वेअर वेव्ह ५० टक्क्यांची नाही. मी मोजलेल्या रेझिस्टन्सला ती साधारण ५३ टक्के वेळ वर असते, म्हणून ट्रँगलची एक बाजू दुसरीपेक्षा लांब पडते. शिवाय रेंज बदलली तरी इंटिग्रेटरचा कपॅसिटर तोच राहतो, त्यामुळे १ किलोहर्ट्झला दोन व्होल्ट उंचीची ट्रँगल १० किलोहर्ट्झला ०.२ व्होल्टची होते. फ्रिक्वेन्सीवर यातल्या कशाचाही परिणाम नाही.

फ्रिक्वेन्सी मोजताना मात्र जागा सांभाळा. नेहमी ३ नंबरच्या पिनवरची स्क्वेअर घ्या. ट्रँगल हळू चढते, म्हणून थोड्याशा गोंगाटानेही मीटरचा शेवटचा आकडा नाचतो. ६ नंबरच्या पिनवर तर प्रोब लावूच नका. सर्वांत वरच्या रेंजला तिथे १ नॅनोफॅरड असतो आणि स्कोपचा १एक्स प्रोब केबलसकट शंभरेक पिकोफॅरड भर टाकतो. तेवढ्याने फ्रिक्वेन्सी नऊ-दहा टक्के खाली येते आणि आपण किटला दोष देत बसतो.

वरची रेंज अजून पूर्ण पटलेली नाही. तिथे ५५५ ला पातळी ओळखून उलटायला लागणारा वेळ दर फेरीत जमा होतो, म्हणून सूत्रापेक्षा फ्रिक्वेन्सी कमीच येते, आणि ते कपॅसिटर बदलून सुटत नाही. बाकीच्या रेंजचे सगळे झेड मी काढून टाकलेत. किट घेणार असाल तर टायमिंगचे फिल्म कपॅसिटर सोबतच मागवा आणि पहिल्यांदाच तेच सोल्डर करा, म्हणजे पीसीबीवरचं तांबं पुन्हा तापवावं लागणार नाही.