मोठ्या दुरुस्तीचा पैसा: दरमहा साठवायचा की एकदम मागायचा?

हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेपुढे बजेट ठेवताना सिक्युरिटी, सफाई, वीज यांवर फार वाद होत नाही. गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च शेजारच्या रकान्यात दिला की सभासद मान्य करतात. खरा निर्णय मोठ्या दुरुस्तीच्या पैशाचा असतो.

महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के घ्यावा लागतो. दर सर्वसाधारण सभा ठरवते. बहुतेक सोसायट्या किमान दरावरच थांबतात, आणि तिथेच गणित चुकतं, कारण धरलेला बांधकाम खर्च इमारत उभी राहिली त्या काळातला असतो.

समजा, जुनी इमारत आहे, 450 चौरस फुटांचे 16 आणि 650 चौरस फुटांचे 8 फ्लॅट. तेव्हाचा खर्च चौरस फुटाला 600 रुपये धरला, तर लहान फ्लॅटचे वर्षाला 2,025 आणि मोठ्याचे 2,925 रुपये होतात. सगळे मिळून 55,800. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लास्टर आणि रंग यांचं एस्टिमेट 12,40,000 आलं, तर किमान दराने बावीस वर्षं लागतील, तीही मधल्या काळात एकही नळ दुरुस्त न करता!

एकदम वर्गणी काढली, तर मोठ्या दुरुस्तीची आकारणी क्षेत्रफळावर होते: चौरस फुटाला 100 रुपये, म्हणजे 45,000 आणि 65,000. काम लगेच सुरू होतं. पण पेन्शनवर जगणाऱ्या सभासदाला ही रक्कम जड जाते, थकबाकी वाढते आणि कंत्राटदाराचं बिल अडकतं. सभेने दर वाढवून हेच चार वर्षांत जमवायचं ठरवलं, तर लहान फ्लॅटला महिन्याला साधारण 940 आणि मोठ्याला 1,355 रुपये पडतात. तोवर काम महागतं, म्हणून मागणी थोडी जास्तच ठेवावी. फ्लॅट विकला तरी जमा रक्कम सोसायटीकडेच राहते. मध्येच राहायला आलेल्यावर अख्खा बोजा पडत नाही, हे मला जास्त न्याय्य वाटतं.

मात्र साठवण्याचा मार्ग शिस्तीवर टिकतो. ताळेबंदात देणी बाजूला दुरुस्ती निधी 8 लाख आणि मालमत्ता बाजूला एफडी 3 लाखच दिसत असेल, तर उरलेले 5 लाख कुठे आहेत ते सभेत विचारा. बहुधा ते वॉचमनच्या पगारात किंवा वीजबिलात गेलेले असतात, किंवा थकबाकीत अडकलेले असतात. अशा सोसायटीने आधी मासिक मेंटेनन्स खऱ्या खर्चाइतका करावा.

गच्चीतून आत्ताच पाणी गळत असेल, तर वाट पाहू नका, कारण सळया गंजून स्लॅबचा खर्च वाढत जातो. अशा वेळी वर्गणीच काढा, पण सहा हप्त्यांत. गळती नसेल आणि रंगकाम तीन-चार वर्षांवर असेल, तर दरमहा वाढीव निधीचाच ठराव मांडा, आणि त्यात रक्कम वेगळ्या एफडीत ठेवली जाईल असं स्पष्ट लिहा.