पडद्यावरची सावली: जुना एलसीडी की जुना प्लाझ्मा?

मैत्रीण दोन वापरलेल्या पडद्यांमध्ये अडकली आहे. एलसीडी मॉनिटरवर टास्कबारची पुसट पट्टी दिसते, प्लाझ्मा टीव्हीच्या कोपऱ्यात वाहिनीचा लोगो. एलसीडीत स्थिर चित्रामुळे द्रवस्फटिकांच्या थरात विद्युतभार साचतो. तो बहुतेकदा ओसरतो. प्लाझ्मात सतत उजळलेल्या जागेचा प्रकाश देणारा थर, म्हणजे फॉस्फर, जास्त झिजतो, आणि ती झीज भरून येत नाही. पण प्लाझ्मावरही तात्पुरती सावली पडतेच, म्हणून मी तिला आधी परीक्षा घ्यायला सांगितलं: अख्खा पडदा करडा करून फोटो काढ, रात्रभर बंद ठेव, सकाळी त्याच करड्यावर पुन्हा बघ. पट्टी फिकटली, तर रोजच्या कामाला एलसीडी खुशाल घे. लोगो तसाच राहिला, तर तो प्लाझ्मा फक्त डाग चालणाऱ्या सिनेमावेड्यासाठी.