लेखातला अल्बेडो कुणाचा: जमिनीचा की पृथ्वीचा?

हवामानबदलावरच्या लेखात अल्बेडो हा शब्द आला की त्याचा अर्थ बहुधा एका ओळीत दिलेला असतो: पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी जेवढा हिस्सा परत फेकला जातो, तो अल्बेडो. शून्य म्हणजे सगळं शोषलं, एक म्हणजे सगळं परत गेलं. व्याख्या बरोबर आहे, पण मोजणारा कुठे उभा आहे हे तिच्यात येत नाही. तो जमिनीपासून दीड-दोन मीटरवर असेल तर एक उत्तर मिळतं आणि वातावरणाच्याही वर, उपग्रहात असेल तर दुसरं. पहिला भूपृष्ठाचा अल्बेडो, दुसरा ग्रहाचा. बरेच लेखक दोन्हींसाठी नुसतं ‘अल्बेडो’ लिहितात, त्यामुळे वाक्यातला अल्बेडो कोणता हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. शाळा-कॉलेजच्या प्रकल्पासाठी हा विषय घेणाऱ्यालाही तेच ठरवायचं असतं. कोकणात राहणाऱ्याला हा फरक समजून घेणं सोपं जातं, कारण इथे जून महिन्यात एकाच गावाचा एक अल्बेडो उतरतो आणि त्याच वेळी दुसरा चढतो.

आधी जमिनीचा घेऊ. तो मोजायला ऊन मोजणारी दोन यंत्रं लागतात, एक आकाशाकडे तोंड केलेलं आणि एक जमिनीकडे. वरून चौरस मीटरला ९०० वॅट येत असतील आणि खालून १८० परत येत असतील, तर १८० भागिले ९००, म्हणजे अल्बेडो ०.२०. रत्नागिरीत मांडवीच्या काळ्या वाळूवर आणि तिथून जवळच्या पांढऱ्या समुद्राच्या वाळूवर भर दुपारी अनवाणी चाललेल्याला हा आकडा पायाला कळलेला असतो. फिकट, कोरड्या वाळूचा अल्बेडो साधारण ०.३ ते ०.४ असतो. काळी वाळू त्याहून पुष्कळ कमी ऊन परत पाठवते आणि म्हणून जास्त तापते. सूर्य डोक्यावर असताना शेजारच्या समुद्राचा अल्बेडो जेमतेम ०.०६ भरतो, म्हणजे आलेल्या उन्हातले पंधरा-सोळा हिस्से पाणी गिळतं आणि एक परत देतं. सूर्य कलला की पाण्यावरून परतणारा हिस्सा कितीतरी पटींनी वाढतो. एकाच जागेचा अल्बेडोसुद्धा दिवसभर एक राहत नाही, तो असा.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तो पुढे प्रकल्पात अडवतो. अल्बेडो म्हणजे डोळ्यांना दिसणारा उजळपणा नव्हे. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ अर्धा भाग अवरक्त प्रकाशात असतो आणि तो आपल्याला दिसत नाही. हापूसच्या कलमाचं पान घ्या. दिसणाऱ्या प्रकाशातला फार थोडा भाग ते परत देतं, म्हणून गडद हिरवं दिसतं. पण दिसणाऱ्या प्रकाशाच्या लगतचा जो अवरक्त प्रकाश आहे, त्यातला निम्म्याच्या आसपास पान परत फेकतं. हिरव्या पिकाचा अल्बेडो म्हणूनच ०.२ च्या घरात जातो. डोळ्यांवर विसंबून कुणी तो ०.०८ सांगितला असता. दाट जंगल यापेक्षा खाली, ०.१२ ते ०.१५ दरम्यान राहतं, कारण एका पानाने परत पाठवलेला प्रकाश वर सुटण्याआधी दुसऱ्या पानांत अडकतो.

आता ग्रहाचा अल्बेडो. यात उपग्रह वरून खाली बघतो आणि सगळं मिळून अवकाशात किती ऊन परत आलं ते मोजतो: जमीन, समुद्र, बर्फ, ढग, धूळ, धूर आणि खुद्द हवासुद्धा. रात्र, दिवस आणि ऋतू यांची सरासरी काढली तर पृथ्वीला वातावरणाच्या माथ्यावर चौरस मीटरला सुमारे ३४० वॅट मिळतात आणि त्यातले सुमारे १०० परत जातात. पृथ्वीचा अल्बेडो ०.२९ ते ०.३० सांगतात तो इथून येतो. या १०० पैकी जमीन, पाणी आणि बर्फ मिळून फक्त पाव हिश्श्याच्या आसपास परत पाठवतात. बाकीचं काम ढगांचं आणि हवेचं आहे. दोन अर्थांतला खरा फरक मला इथे दिसतो: पहिल्या अल्बेडोत ढग मोजलेच जात नाहीत आणि दुसऱ्यात सर्वांत मोठा वाटा त्यांचाच असतो.

हे आता सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आणून बघू. मे महिन्यात सडा कोरडा असतो, जांभा उघडा आणि मधूनमधून वाळलेलं पिवळं गवत. आगोट सुरू होते, कातळ भिजतो आणि काळपट दिसू लागतो. दगडाच्या बारीक छिद्रांत आणि पृष्ठावर पाणी बसलं की आत शिरलेला प्रकाश सहज बाहेर पडत नाही, पुन्हा पुन्हा आत वळवला जातो आणि दर वेळी थोडा शोषला जातो. ओली वाळू कोरडीपेक्षा गडद दिसते तीही याच कारणाने. लावणीसाठी पाणी भरलेली भातखाचरंही कोरड्या शेतापेक्षा कमी प्रकाश परत देतात. म्हणजे जमिनीचा अल्बेडो उतरला. पण त्याच आठवड्यात वर मळभ दाटलेलं असतं, आणि जाड पावसाळी ढगाचा माथा आलेल्या उन्हातला निम्म्याहून अधिक भाग परत फेकू शकतो. उपग्रहाला कोकण आता उजळ दिसतं. त्याचा अल्बेडो चढला.

किती, याचा अंदाज घेऊ. रत्नागिरीच्या अक्षांशावर जूनच्या शेवटी वातावरणाच्या माथ्यावर चोवीस तासांच्या सरासरीने सुमारे ४५० वॅट पोचतात. हा आकडा सोडून पुढचे मी हिशेबापुरते धरलेले आहेत. निरभ्र दिवशी वरून मोजलेला अल्बेडो ०.१८ आणि दाट ढगांच्या दिवशी ०.५५ धरला, तर परत जाणारं ऊन ८१ वॅटवरून सुमारे २४८ वर जातं, १६५ च्या आसपास वाढ. उलट, सड्याचा अल्बेडो भिजल्यामुळे ०.२० वरून ०.१४ वर आला असं धरा. ढगांखाली जमिनीपर्यंत १०० वॅटच पोचत असतील, तर भिजलेला सडा त्याच उन्हात कोरड्यापेक्षा फक्त ६ वॅट कमी परत पाठवेल. वरच्या १६५ पुढे खालचे ६. कौलांना, पत्र्याला किंवा स्लॅबला पांढरा रंग लावल्याचा फायदा मार्च ते मे महिन्यांत जाणवतो आणि जुलैत जवळजवळ जाणवत नाही, त्याचंही हेच कारण. परत पाठवायला खाली ऊनच उरलेलं नसतं.

पण वरचा अल्बेडो चढला म्हणजे सगळाच गारवा, असंही समजू नये. अल्बेडो फक्त सूर्यप्रकाशाचा हिशेब ठेवतो. ढग जमिनीकडून वर जाणारी उष्णताही अडवतात, आणि हे काम रात्रीही चालू असतं. रात्री परत फेकायला ऊन नसतं, त्यामुळे मळभाची रात्र उकडते. ढगांचा एकूण परिणाम सांगणाऱ्या लेखात अल्बेडोचा आकडा ही एकच बाजू असते.

मग समोरच्या वाक्यातला अल्बेडो कोणता, हे ओळखायचं कसं? मी आधी वाक्याचा कर्ता बघतो. बर्फ, जंगलतोड, शेती, शहर, छप्पर यांच्याबद्दल वाक्य असेल तर तो जमिनीचा. ‘ताज्या बर्फाचा अल्बेडो ०.८ किंवा अधिक’ हा त्यातला नेहमीचा मासला. समुद्रावरचं बर्फ वितळलं की गडद पाणी उघडं पडतं, ते जास्त ऊन शोषतं आणि आणखी बर्फ वितळतं, हा युक्तिवादही जमिनीच्या अल्बेडोपासूनच सुरू होतो. वाक्यात ‘पृथ्वीचा’, ‘ढग’, ‘उपग्रह’ किंवा उपग्रहांवर बसवलेल्या ‘सेरेस’ या मोजणी-यंत्रांचं नाव आलं, तर तो ग्रहाचा.

एक खरं वाक्य लावून बघा: २०२३ मध्ये पृथ्वीचा अल्बेडो विक्रमी नीचांकाला गेला आणि त्या वर्षीच्या तापमानवाढीत त्याचा हात होता. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या एका शोधनिबंधातला हा निष्कर्ष आहे. वाचणारा जमिनीचा अर्थ मनात धरून असेल तर त्याला वाटेल की बर्फ वितळलं म्हणून झालं. बर्फाचा वाटा त्यात आहेच, पण त्या निबंधाचा मुख्य रोख खालच्या पातळीवरचे ढग कमी झाल्यावर होता. ढग का घटले यावर अजून वाद चालू आहे. जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली, त्यामुळे ढगांना लागणारे कण कमी झाले का, की तापमानवाढीनेच ढग विरळ होतायत, की हा नुसता नैसर्गिक चढउतार आहे, असे प्रश्न त्यात आहेत. चुकीचा अल्बेडो धरून वाचलं तर हा सगळा वाद डोळ्यांआड जातो.

ग्रहाच्या अल्बेडोत फरक लहान दिसतात म्हणून ते सोडून देऊ नयेत. ०.०१ ची घट म्हणजे ३४० पैकी ३.४ वॅट जास्त शोषले जाणं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याचा थेट परिणाम चार वॅटच्या आतबाहेर धरला जातो. जमिनीच्या अल्बेडोत ०.०१ चा फरक हाती धरलेल्या यंत्राच्या चुकीत बुडून जाईल.

प्रकल्प करायचा असेल तर माझं मत सरळ आहे: जमिनीचा अल्बेडो घ्या. ग्रहाचा तुम्हाला स्वतः मोजता येणार नाही, फक्त उपग्रहाचे आकडे उतरवून घेता येतील. ऊन मोजणारी यंत्रं शाळेत नसतील आणि मोबाइलमधलं प्रकाश मोजणारं ॲप वापरणार असाल, तर ते दिसणारा प्रकाशच बघतं हे वहीत पहिल्या ओळीत लिहा. वाळू, कातळ, चुना लावलेली भिंत यांची तुलना त्यावर बऱ्यापैकी जमते. भाताच्या किंवा कलमांच्या बाबतीत ते हमखास कमी आकडा देतं, कारण पानांचा अवरक्त वाटा त्याला दिसत नाही. भर उन्हात काही फोनचा आकडा एका मर्यादेला जाऊन अडकतो. आकाशाकडे धरल्यावर थोडं तिरकं केलं तरी आकडा हलत नसेल तर तसं झालंय असं समजा आणि दोन्ही मोजण्यांना फोनच्या सेन्सरसमोर तोच पांढरा कागद धरून पुन्हा घ्या. मोजताना सावली यंत्राखालच्या जागेवर पडू देऊ नका, आणि दोन्ही मोजण्यांच्या मध्ये ढग सूर्यासमोर आला तर ती जोडी सोडून द्या. वेळ दुपारची बरी. एकाच जागेची कोरडी आणि पाणी शिंपडून ओली अशी जोडी घेतली, तर जून येण्याआधीच, मे महिन्यातल्या सड्यावर, अल्बेडो किती उतरतो ते आकड्यात मिळेल.