जुनी सागवानी खुर्ची की नवी ‘डिस्ट्रेस्ड’ खुर्ची?

लिहिण्या-वाचण्याच्या टेबलापाशी हातांची लाकडी खुर्ची हवी आहे, आणि ती दिसायलाही जुनी हवी आहे, असं असेल तर पुण्यात साधारण दोन वाटा उरतात. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी जाऊन, नाहीतर जुनं फर्निचर विकणाऱ्यांकडे हिंडून वापरलेली सागवानी खुर्ची शोधायची. किंवा बाणेर-वाकडकडच्या एखाद्या शोरूममधून ‘डिस्ट्रेस्ड’ फिनिशची नवी खुर्ची आणायची. ही नवी खुर्ची येतानाच कडा घासलेली आणि रंग उडवलेली असते. मी दोन्ही वापरल्या आहेत. नवी माझ्या बहिणीकडे होती आणि तिच्या घरी राहत असताना मी बरेच महिने तिच्यावर बसून काम केलं. जुनी आता माझ्या घरी आहे. मापं, वजन, वॉरंटी हे तुम्ही विचारून घ्यालच. माझी निवड ठरली ती झिजेवरून, म्हणून इथे तेवढंच सांगतो.

आधी जुनीकडे पाहू. माझी खुर्ची एखाद्या कचेरीत असते तशी आहे: वेताची बैठक, किंचित मागे कललेली पाठ, सरळ हात. विकत घेण्याआधी मी ती उलटी केली, आडवी केली, आणि मग तिच्यावर डोळे मिटून बसलो. ही शेवटची गोष्ट फार उपयोगी पडते. डोळे मिटून बसलं की तळवे आपोआप खुर्चीच्या हातांच्या पुढच्या टोकांवर जातात आणि बोटं खालच्या बाजूला वळतात. उठताना भार त्याच टोकांवर येतो. पाय थकले की टाचा पुढच्या दोन पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर टेकतात. मग डोळे उघडायचे आणि झीज नेमकी तिथेच आहे का ते बघायचं.

माझ्या खुर्चीत ती तिथेच होती. हातांच्या टोकांवरचं पॉलिश गेलं होतं, पण उघडं पडलेलं लाकूड पांढुरकं नव्हतं. ते बाकीच्या लाकडापेक्षाही गडद आणि तुळतुळीत होतं. पॉलिश निघून गेल्यावर घाम आणि तेल थेट लाकडात मुरत जातं आणि तळव्याच्या मऊ घासण्याने ते गुळगुळीत होत राहतं, म्हणून असं होतं. पॉलिश कुठे संपतं आणि उघडं लाकूड कुठे सुरू होतं, ती रेघ मला दाखवता आली नसती. कोपराकडून पुढे येताना ते विरळ विरळ होत गेलं होतं. हाताच्या खालच्या बाजूची, जिथे बोटं वळतात तिथली कड गोल झाली होती. ती बघायला कुणी वाकत नाही, पण बोट फिरवलं की कळते.

पायांची झीज वेगळी असते. चपलेच्या तळाला धूळ आणि बारीक खडे असतात, त्यामुळे तिथे लाकूड कापलं जातं. पुढच्या पट्टीची वरची कड दोन ठिकाणी खोलगट झाली होती आणि उजवीकडची खोल जास्त होती. बसणाऱ्याला बहुतेक उजवा पाय वर ठेवायची सवय असावी. खोलगट भागाला चकाकी नव्हती. उलट त्यात लाकडाचे रेषे हाताला लागत होते, कारण वर्षवलयांतला मऊ भाग आधी झिजतो आणि कठीण भाग बारीक धारेसारखा वर राहतो. मागच्या पट्टीला मात्र अशी झीज नव्हतीच, आणि ते बरोबरच आहे, तिथे पाय कशाला जाईल?

आणखी दोन खुणा सांगतो, कारण मला खात्री वाटली ती त्यांच्यामुळे. दोन्ही हातांच्या टोकांना पुढून एकाच उंचीवर दबल्याच्या खुणा होत्या. खुर्ची आत सरकवताना टेबलाची कड तिथे लागते. आणि पाठीच्या वरच्या पट्टीला मागच्या बाजूने मधोमध चार बोटांएवढी जागा गुळगुळीत होती. खुर्ची ओढताना माणूस तिथे धरतो. हात, पाय, टेबल, ओढणं या सगळ्या खुणा एकाच प्रकारच्या वापराची साक्ष देत होत्या. एखादी खूण बनवता येते. पण सगळ्या खुणांचा आपसात मेळ बसवायचा तर बनवणाऱ्याला त्या खुर्चीत बसून टेबलाशी काम करणारा माणूस पुरता डोळ्यासमोर आणावा लागेल.

आता नवी खुर्ची. हा प्रकार वाईट आहे असं मी म्हणणार नाही. दुकानदार ती जुनी म्हणून विकत नाही, एक शैली म्हणून विकतो, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न येत नाही. शिवाय सांधे घट्ट असतात, उंची आजच्या टेबलांना जुळते, आणि एकसारख्या चार हव्या असतील तर चार मिळतात. जुन्या खुर्चीत यातलं काहीच हमखास नसतं. माझ्या खुर्चीचे सांधे सुताराकडून पुन्हा डिंकवून घ्यावे लागले आणि बैठकीचा वेत नव्याने विणून घ्यावा लागला.

पण ती झीज कशी तयार होते ते पाहा. आधी गडद रंगाचा किंवा स्टेनचा एक हात देतात. तो वाळल्यावर कडांवर मेण चोळतात आणि वरून फिकट मॅट रंग लावतात. मेण लावलेल्या जागी वरचा रंग नीट धरत नाही, त्यामुळे पॉलिशपेपर फिरवला की तो तिथे सहज सुटतो आणि खालचा गडद थर दिसतो. मग कुणी साखळीने ठोकून खड्डे पाडतात, कुणी खिळ्याने किंवा बारीक ड्रिलने किडीची भोकं काढतात. खऱ्या किडीचं भोक वरून गोल दिसलं तरी आत वळतं, त्यात घातलेली सुई लगेच अडते. ड्रिलच्या भोकात ती सरळ उतरते. आणि सागाच्या गाभ्याच्या लाकडाला कीड सहसा धरत नाही. भोकं सापडली तर ती बहुतेक कडेच्या फिकट लाकडात सापडतात, खुर्चीभर सारखी पसरलेली नसतात.

पॉलिशपेपर हातात असलेला कारागीर जिथे कड दिसेल तिथे तो फिरवतो. त्यामुळे बहिणीच्या खुर्चीच्या सगळ्या कडा जवळजवळ सारख्याच घासलेल्या होत्या: पुढच्या पायांच्या, मागच्या पायांच्या, अगदी भिंतीकडे तोंड असलेल्या पट्टीच्याही. रंग आणि उघडा थर यांच्यामध्ये ठळक रेघ होती. उजेडात तिरकं धरून पाहिलं तर त्या भागावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसायचे. तळव्याच्या झिजेत असे ओरखडे राहत नाहीत.

हेही मी चालवून घेतलं असतं. मला जे चाललं नाही ते खुर्चीच्या हाताखाली होतं.

तिथे पॉलिशपेपर पोचलाच नव्हता. वरची कड घासून गोल केलेली, फोटोत छान दिसणारी, आणि बोटं वळतात ती खालची कड करवतीतून आली तशी धारदार. विचार करत बसलं की बोटं नकळत तिथे जायची आणि कड बोटांच्या पेरांत रुतायची. उठताना भार टाकला की जास्त जाणवायची. तासाभराने हात मांडीवर ठेवून बसायची सवय लागली. त्यातच पावसाळ्यात वरचा मॅट रंग तळव्याच्या ओलाव्याने चिकट व्हायचा आणि खऱ्या झिजेच्या जागी त्याचे पापुद्रे निघायला लागले. म्हणजे कारखान्यात उडवलेला रंग एकीकडे आणि माझ्या हातांनी उडणारा दुसरीकडे. काळ्या शर्टाच्या बाहीला पांढरी पूड लागायची. तुम्हाला कदाचित इतका त्रास होणार नाही, काही जण हात टेकून बसतच नाहीत. पण रोज चार-पाच तास बसायचं असेल तर माझ्या मते ही बाब रंगापेक्षा मोठी आहे.

हीच नजर इतर वस्तूंनाही लावता येते. जुन्या पितळी घंगाळाची कडी उचलून बघा. कडी ज्या कानात अडकवलेली असते, तिथे ती दोन्हीकडून झिजून बारीक झालेली असते आणि धातू धातूवर घासत राहिल्याने तिथे काळेपणा टिकत नाही. रसायनाने काळं केलेल्या नव्या घंगाळात कडीच्या आतली बाजूही बाहेरच्या इतकीच काळी असते आणि जाडी सगळीकडे एक. ड्रॉवरचं असेल तर तो बाहेर काढून बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडा बघाव्यात. समोरून कितीही ओरखडे असोत, त्या कडा कोऱ्या असतील तर तो ड्रॉवर फारसा उघडलेला नाही.

जुन्या बाजारात एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. पेठांमधले वाडे पाडले की त्यांचं सागवान विकायला येतं आणि त्यातून नवं फर्निचर होतं. लाकूड खरंच जुनं असतं, झीजही खरी असते, पण ती चौकटीची किंवा तुळईची. खुर्चीच्या पाठीवर मध्येच बुजवलेलं चौकोनी भोक किंवा बिजागरीची खाच दिसली तर समजा की हे लाकूड आधी दुसरीकडे होतं. अशी खुर्ची चांगली असू शकते, फक्त तिला जुन्या खुर्चीची किंमत देऊ नका. उलटही होतं. दिवाणखान्यात नुसती मांडून ठेवलेली खुर्ची जुनी असून कोरी दिसते, आणि कुणी तासून नवं पॉलिश केलं असेल तर वरची झीज पुसली जाते. तेव्हा हाताखालची बाजू आणि पायांचे तळ बघा. पॉलिशवाला तिथे क्वचितच मेहनत घेतो. तळांच्या मागच्या कडा ओढून ओढून चेपलेल्या असतात.

माझा कल तुमच्या लक्षात आलाच असेल. तरी घरात सगळं एकाच रंगात हवं असेल, किंवा सुताराच्या मागे लागायला वेळ नसेल, तर नवी घेण्यात काही गैर नाही. फक्त शोरूममध्ये वरची झीज बघत बसण्याऐवजी खुर्चीत बसा आणि हाताखालून बोटं फिरवा. कड टोचली तर तिथल्या तिथे गोल करून मागा. घरी करायची असेल तर १२० नंबरच्या पॉलिशपेपरने कड मोडा, मग २२० ने गुळगुळीत करा. उघड्या लाकडावर मेणाचा पातळ हात द्या आणि तो मुरल्यावर कोरड्या कापडाने चोळून काढा.