जीमेलचे टेम्प्लेट्स: बरेच महिने वापरून झाल्यावर

मी टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात आहे, म्हणजे दर महिन्याला त्याच क्लायंट्सना तेच मेल, विक्रीची बिलं पाठवा, कारण दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेच्या आत भरायचं असतं. आधी जुना मेल शोधून कॉपी-पेस्ट चालायचं, आता जीमेलचे टेम्प्लेट्स वापरतो. सेटिंग्जमध्ये Advanced मध्ये जाऊन Templates ला Enable करायचं आणि खाली Save Changes दाबायचं, मग मेल लिहून तीन टिंबांतून सेव्ह करायचा. सोपं आहे.

खरी गंमत मजकुरात आहे. नाव टाकलं की मेल पर्सनल होतो हा भ्रम आहे, बँकेचे मेलसुद्धा नाव टाकूनच येतात. समोरच्याला वाचावंसं वाटतं ते त्याच्या कामाच्या एका ओळीमुळे, आणि ती ओळ टेम्प्लेटमध्ये ठेवायचीच नाही, तिची फक्त जागा ठेवायची. माझा असा आहे:

```
नमस्कार ###,
###
गेल्या महिन्याची विक्रीची बिलं ७ तारखेपर्यंत
पाठवा, म्हणजे ११ च्या आत रिटर्न भरता येईल.
विक्री झाली नसेल तरी तसं कळवा,
निल रिटर्न भरावंच लागतं.
```

दुसऱ्या ### च्या जागी हार्डवेअरवाल्या काकांना जातं, "काका, मागच्या वेळी दोन बिलांवर गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर नव्हता, ह्या वेळी तेवढं बघून घ्या." बाकी मेल सगळ्यांना सेम, पण काका लगेच उत्तर देतात कारण त्यांना वाटतं आपलं खातं उघडून बसूनच लिहिलंय (आणि ती ओळ लिहायला खातं उघडावं लागतंच, ते टळत नाही). अशी ओळ सुचत नसेल तर जागा काढून टाका, "आशा आहे आपण मजेत असाल" टाकलंत तर लगेच छापील वाटतं.

नाव फक्त नमस्कारापुढे ठेवा. मधल्या वाक्यात घुसवलं तर मराठीत प्रत्यय लागतो, मग "जोशी ची बिलं" असलं काहीतरी तयार होतं. महिन्याचं नावही मजकुरात नको, "गेल्या महिन्याची" कधी शिळं होत नाही, महिना सब्जेक्टमध्ये लिहा म्हणजे नंतर सर्च करता येतं.

रिकामं राहिलेलं ### जीमेल सांगत नाही, म्हणून मी To सगळ्यात शेवटी भरतो, तोवर मेल जाऊच शकत नाही. दुसरीकडून कॉपी केलेलं नाव वेगळ्या फॉन्टमध्ये चिकटतं आणि ठिगळ लांबूनच दिसतं, Ctrl+Shift+V ने पेस्ट केलं की प्रश्न मिटतो. सिग्नेचर आपोआप येत असेल तर टेम्प्लेट सेव्ह करताना ती पुसा, नाहीतर दोनदा येते.

तक्रार म्हणाल तर मोबाइल ॲपमध्ये टेम्प्लेट्स नाहीत, सगळं कॉम्प्युटरवरच. आणि एका अकाउंटला जास्तीत जास्त ५०, पण मला पहिली मागणी, आठवण आणि रिटर्न भरल्याचं कळवणं एवढे तीनच लागतात. आठवणीचा मात्र दोनदा लागोपाठ तोच पाठवत नाही, दुसऱ्या वेळी सरळ फोन करतो.